यादीतला चार, दुकानातला आठ

*आमचं किराणा-मसाल्याचं छोटं दुकान आहे. चटणीच्या सीझनला हातानं लिहिलेल्या याद्या येतात आणि त्यात एखादा आकडा चार पण वाटतो, आठ पण वाटतो. अशी चूक नेमकी होते कशी आणि देण्याआधी ओळखायची कशी? एखादी घडलेली गोष्ट सांगितलीत तर जास्त कळेल.*

गोष्टच सांगतो, कारण यातली खरी गंमत बारकाव्यात आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमच्याच ओळीत एक मसाल्याचं दुकान आहे. मालकांना इथं नुसतं आण्णा म्हणतो. माणूस धांदरट नाही. काटा चोख, माल निवडलेला, आणि मिरची तर हातात घेऊन मोडली की आवाजावरून किती वाळलीय ते सांगणारा. चूक अशा माणसाकडून झाली, म्हणून ती बघण्यासारखी आहे.

एप्रिलचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवाजी पेठेतला एक कॉलेजचा पोरगा वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन आला. यादी त्याच्या आजीनं लिहिलेली. वर्षाच्या चटणीचा सगळा कोरडा माल त्यात होता. कांदा आणि लसूण घरचे लोक मंडईतून घेणार होते. यादी अशी:

ब्याडगी – इथं तो आकडा
लवंगी – २
खोबरं – ३
धने – दीड
तीळ – दीड
मीठ – दीड
खसखस – पाव
लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल – प्रत्येकी ३ तोळे

पहिल्या ओळीतला आकडा आण्णांनी आठ वाचला. आठ किलो ब्याडगी, दोन किलो लवंगी, बाकीचं यादीप्रमाणे, असा माल बांधला, बिल केलं, पोरानं पैसे दिले, गाडीवर पोतं टाकून गेला. आजीनं लिहिले होते चार.

आता आण्णांनी आठ का वाचला, ते बघा. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 एकमेकांत मिसळतात हे त्यांना काय माहीत नव्हतं? मसाल्याच्या दुकानात ते पहिल्या वर्षीच कळतं. अशा वेळी सगळे करतात तेच त्यांनी केलं. यादी लिहिणारा कुठले आकडे वापरतो, ते शोधायला यादीतले बाकीचे आकडे बघितले. एरवी हा उपाय चालतो. यादीत कुठं ५ किंवा 5, ६ किंवा 6, १ किंवा 1 असला की लगेच समजतं. "२५० ग्रॅम" एवढं जरी कुठं लिहिलेलं असलं तरी मधला पाच सगळं सांगून जातो. पण या यादीत होते फक्त दोन आणि तीन. हे दोन आकडे मराठी-इंग्रजीत हातानं लिहिले की सारखेच दिसतात. शून्याचंही तसंच. दीड आणि पाव आजीनं अक्षरात लिहिलेले. म्हणजे यादीतल्या एकाही आकड्यानं सांगितलं नाही की लिहिणारा मराठी आकडे काढतो की इंग्रजी.

मग आण्णांची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली. तिथं मोबाईल नंबर होता, स्वच्छ इंग्रजी आकड्यांत, त्याच निळ्या पेनानं. त्यात 8 पण होता आणि 9 पण. आण्णांनी ठरवून टाकलं, लिहिणारा इंग्रजी आकडे काढतो, तेव्हा हा आठच.

नंबर नातवानं लिहिलेला होता. घरातून निघताना आजी म्हणाली, "दुकानदाराला आपला नंबर असू दे", म्हणून त्यानं शेजारी पडलेलं तेच पेन उचलून कोपऱ्यात टाकला. एका कागदावर दोन हात, शाई एकच.

ही चूक मला साध्या चुकीपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण इथं माणसानं शंका घेतली, पुरावा शोधला, आणि पुरावाच दुसऱ्याचा निघाला. म्हणून कागदावर कुठं नंबर, तारीख किंवा पत्ता असेल तर तो यादी लिहिणाऱ्याच्याच हातचा आहे का, हे आधी बघावं. अक्षराचा कल बघायचा, दाब बघायचा. म्हाताऱ्या माणसांचा पेनावरचा दाब बहुधा वेगळा असतो, आणि आजीच्या ओळी उतरत्या होत्या तर नंबर सरळ रेषेत होता. कागद दोन मिनिटं समोर ठेवला असता तर आण्णांच्याही लक्षात आलं असतं. गर्दीत दोन मिनिटं कोण देतो, हा प्रश्न वेगळा.

आता खुद्द त्या आकड्याकडे येतो. तो कागद मी नंतर हातात घेऊन बघितला, कारण आण्णांच्या दुकानात झालेल्या याद्या तारेला टोचून ठेवतात आणि तो तिथंच होता. देवनागरी चार काढताना पेन वर डाव्या टोकाला टेकतं, तिरकं खाली उजवीकडे येतं, खाली वळसा घेतं आणि पहिल्या रेघेला छेदून वर उजव्या टोकाला जातं. म्हणजे माथ्यावर दोन सुटी टोकं राहतात. इंग्रजी आठाचा माथा एका वळणात गोल होतो. हात थकला किंवा घाई असली की चाराची दोन टोकं आत वळतात आणि एकमेकांना भिडतात. आजीचं तसंच झालं होतं. वरून बघितलं तर बंद आठ. पण माथा गोल नव्हता, घराच्या कौलासारखा टोकदार होता, आणि उजवं टोक डाव्याच्या किंचित पुढं गेलेलं. कागद उलटा करून मागून बोट फिरवलं तर बॉलपेनचे दोन वेगळे ठिपके हाताला लागत होते, एक पेन टेकलं तिथला, एक उचललं तिथला. कोपऱ्यातल्या नंबरमधल्या 8 ला तसलं काही नव्हतं. दोन्ही आकडे एकाच कागदावर, वीतभर अंतरावर होते, आणि शेजारी ठेवून बघितले की फरक कळत होता.

हे मूळ कागदावर जमतं. मोबाईलवर फोटो आला की माथ्यातला हा फरक पुसट होतो, आणि दाब तर दिसतच नाही. म्हणून फोटोवरच्या यादीत आकार बघून निर्णय घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरं सांगायचं तर भिंग लावून आकडा बघायची गरजच नव्हती. उत्तर यादीतच होतं. चटणीची यादी ही किराण्याच्या महिन्याच्या यादीसारखी सुटी नसते. तिच्यात मिरचीच्या वजनावर सगळं बसवलेलं असतं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, पण एका घरात ते पक्कं असतं. या यादीत खोबरं तीन किलो आहे. धने, तीळ, मीठ दीड-दीड किलो. खडा मसाला तीन-तीन तोळे. आता ब्याडगी चार धरा. चार आणि लवंगी दोन, मिळून मिरची सहा किलो. सहा किलोला तीन किलो खोबरं म्हणजे किलोला अर्धा किलो. धने दीड म्हणजे किलोला पाव किलो, तीळ आणि मीठ तेवढंच. खडा मसाला किलोला अर्धा तोळा. खसखस सोडली तर सगळं अर्ध्या-पावाच्या हिशेबात नीट बसलं.

आता आठ धरून बघा. मिरची होते दहा किलो. खोबरं किलोला तीनशे ग्रॅम, धने किलोला दीडशे ग्रॅम, खडा मसाला किलोला तोळ्याचा तीन दशांश. कुठल्या आजीनं असं प्रमाण धरलंय? आमच्याकडच्या बायका किलोला अर्धा, किलोला पाव, किलोला अर्धपाव असंच मोजतात. दहा किलोची चटणी असती तर खोबरं पाच लिहिलं असतं, धने अडीच. आणि मग त्या पाचानंच यादी मराठी आकड्यांतली आहे हे सांगून टाकलं असतं.

आण्णांना हे प्रमाण पाठ आहे. कुणी विचारलं "आण्णा, पाच किलोची चटणी करायचीय, यादी सांगा" तर डोळे मिटून सांगतील. तरी ते दिसलं नाही, कारण दुकानात यादी सलग वाचलीच जात नाही. मालक एक ओळ मोठ्यानं वाचतो, मिरचीच्या पोत्यावरचा पोरगा वजन करतो, ओळीवर बरोबरची खूण होते. मग पुढची ओळ. खोबरं काढणारा दुसरा, खडा मसाला पुड्यांत बांधणारा तिसरा. प्रत्येकानं आपली ओळ बरोबर दिली. सगळी यादी एकदम कुणाच्याच डोळ्यांपुढं आली नाही. माझ्या मते आण्णांची चूक इथं झाली, आकडा वाचण्यात नव्हे. तो आकडा कुणीही आठ वाचला असता.

आणखी एक गोष्ट घडली, ती तुमच्याही दुकानात रोज घडत असणार. आण्णांनी पोराला विचारलं होतं.

"ब्याडगी आठ किलो ना रे?"

पोरगा मोबाईलमध्ये. "यादीत असंल तेवढी द्या की."

विचारलं म्हणून आण्णांचं समाधान झालं. पण प्रश्नातच उत्तर घालून विचारलं की समोरचा मान हलवतो, त्यातून यादी आणणारा यादी लिहिणारा नसेल तर हमखासच. त्याऐवजी "चटणी किती किलोची करताय?" असं विचारायला हवं होतं. हा प्रश्न आकड्याला हातच लावत नाही. पोराला माहीत असतं तर "सहा" म्हणाला असता आणि हिशेब तिथंच जुळला असता. माहीत नसतं तर त्यानं घरी फोन लावला असता. फोनवर चार आणि आठ यात कुणाचा गोंधळ होत नाही.

पुढं काय झालं ते सांगतो. आजी जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर गेलेली. घरी दोघी सुनांनी मिरची ओतली. यंदा जरा जास्त दिसतेय असं धाकटीला वाटलं, पण सासूबाईंच्या यादीवर बोलायचं कुणी? दोघींनी बसून सगळी देठं काढली आणि गच्चीवर उन्हात घातली. आजी तिसऱ्या दिवशी आली, जिना चढून वर गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, गावजेवण हाय का काय?"

कांडपाला जायच्या आधी सापडलं हे नशीब. ब्याडगी रंगाची मिरची, तिखटपणा बेताचा. तिखट येतं ते लवंगीचं. चाराला दोन हे त्या घराचं माप. आठाला दोन गेली असती तर चटणी लालभडक झाली असती आणि जिभेला लागलीच नसती. त्यात मीठ सहा किलोच्या मिरचीचं. कांदा-लसणाची चटणी वर्षभर टिकवायची तर मीठ कमी पडून चालत नाही, पावसाळ्यात बुरशीची भीती असते. बरं, उरलेल्या मिरचीला जास्तीचा मसाला आणून दहा किलोची करावी, तर खाणारी तोंडं तेवढीच.

आजी नातवाला घेऊन दुकानात आली. मला आण्णांनी बोलावून घेतलं. तारेवरचा कागद निघाला.

"मी चारच लिवलोय," आजी म्हणाली. "तुमास्नी आठ कुठं दिसलं?"

आण्णांनी कागद पुढं केला. "आजी, तुम्हीच बघा. वर बंद हाय का न्हाई?"

आजीनं चष्मा लावला, बघितलं, आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग बोट खोबऱ्याच्या ओळीवर ठेवलं. "धा किलो मिरचीला तीन किलो खोबरं घालत्यात व्हय तुमच्यात?"

यावर आण्णांकडे उत्तर नव्हतं. खोबऱ्याचा तो मुद्दा मी वर हिशेब करून सांगितला खरा, पण पहिल्यांदा काढला तो आजीनं.

राहिला पैशाचा निकाल. तुमच्याकडे असं झालं तर उपयोगी पडेल म्हणून आकडे मांडतो. भाव सोपा करून किलोला ४०० रुपये धरू. जास्तीची मिरची चार किलो, म्हणजे १,६०० रुपयांची. पण देठं काढून, उन्हात वाळवून आठ किलोची वजनात भरली सात किलो शंभर ग्रॅम. म्हणजे परत यायची मिरची झाली तीन किलो साडेपाचशे ग्रॅम, तिची किंमत १,४२०. मधले १८० रुपये देठात आणि उन्हात गेले. ते कुणाच्या अंगावर घालायचे? आण्णांचं म्हणणं, माल माझ्याकडून पूर्ण वजनानं गेला. आजीचं म्हणणं, मी मागितलाच नव्हता. शेवटी निम्मंनिम्मं ठरलं, नव्वद-नव्वद. आण्णांनी १,५१० रुपये परत दिले आणि मिरची ठेवून घेतली.

मला विचाराल तर सगळे १८० आण्णांनी सोसायला हवे होते. एक म्हणजे प्रमाण ओळखणं हे दुकानदाराचं काम, ते आजीनं करून दाखवलं. दुसरं म्हणजे देठं काढलेली मिरची पोत्यात परत टाकता येत नसली तरी वाया जात नाही. आण्णा स्वतः सुटं तिखट दळून विकतात आणि त्यासाठी बायका लावून देठं काढून घेतात. ती मजुरी दोघी सुनांनी फुकटात वाचवली होती! हे मी तिथं बोललो नाही, कारण सौदा मोडला की पुन्हा जुळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे देण्याआधी ओळखायचं कसं. गोंधळ घालणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत. ४ आणि 8 सांगितली. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 ही दुसरी. देवनागरी ७ आणि इंग्रजी 6 ही तिसरी, काहींच्या हातची. यातली १ आणि 9 दिसायला सगळ्यांत फसवी, पण दुकानात तिचा त्रास कमी होतो, कारण नऊपट फरक कुणाच्याही डोळ्यात येतो. एका तोळ्याऐवजी नऊ तोळे वेलदोडे देताना हात आपोआप थांबतो. चार आणि आठ मात्र दोन्ही शक्य कोटीतले असतात. दुप्पट माल मागणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. सहा-सातचंही तसंच, फरक इतका थोडा की संशयच येत नाही. म्हणून डोळे उघडे ठेवायचे ते या दोन जोड्यांवर.

उपाय जुनाच आहे. पूर्वी हुंडीवर रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि वर तिची निम्मी रक्कम सांगून "त्याची दुप्पट" असंही लिहीत. शंभराची हुंडी असेल तर पन्नासाची दुप्पट. एखादा आकडा कुणी वाचायला चुकला किंवा मुद्दाम फिरवला तरी निम्मी रक्कम त्याला पकडायची. चेकवर आजही आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं. दुकानात एवढं लफडं नको. यादी हातात आली की माल काढायच्या आधी आपल्या पेनानं संशयाच्या आकड्याशेजारी अक्षरात "चार" किंवा "आठ" लिहायचं. लिहायला गेलात की ठरवावं लागतं, आणि ठरवता येत नसेल तर तिथंच विचारलं जातं. आण्णांनी त्या प्रसंगानंतर एवढंच बदललं: चटणीची यादी आली की आधी मिरचीची बेरीज कागदाच्या तळाशी अक्षरात लिहायची, खोबऱ्याशी ताडून बघायची, मगच पोत्याला हात लावायचा.

बिलावर माल छापून येतोच की, असं कुणी म्हणेल. बिल हे चूक झाल्यावरचा कागद आहे. त्यात आठ हा स्वच्छ आठ दिसतो आणि उलट चुकीला वजन येतं. पोरानं बिल बघितलं असतं तरी त्याला काय कळणार होतं?

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. प्रमाणाची ही युक्ती चटणी, गोडा मसाला, लाडवांचा माल, आचाऱ्याची जेवणावळीची यादी अशा ठिकाणीच चालते, जिथं जिन्नस एकमेकांशी बांधलेले असतात. महिन्याच्या किराण्यात साखर चार की आठ, हे तूरडाळ सांगू शकत नाही. तिथं गिऱ्हाईक कायमचं असेल तर गेल्या महिन्याची वही काढायची. घरात पाच माणसं आणि दर महिन्याला चार किलो साखर जात असेल, तर आठ दिसल्यावर "घरात काही कार्य आहे का?" एवढं विचारून बघायचं. नवीन गिऱ्हाईक असेल आणि फोनही लागत नसेल, तर कमी वाचून द्यावं आणि चिठ्ठीच्या पाठीवर तसं लिहून द्यावं. कमी पडलेला माल संध्याकाळी पोराहाती पाठवता येतो, जास्त गेलेल्या मिरचीची देठं पुन्हा चिकटवता येत नाहीत.